नाना चुकतात तेव्हा : कादंबरीच्या मध्यावर गुरूला कसं पाडायचं

बडोद्यात दांडिया बाजारातल्या एका गच्चीवर दर रविवारी आम्ही सात-आठ जण आपापली हस्तलिखितं घेऊन बसतो. नवीन माणूस पहिली कादंबरी घेऊन आला की तीत बहुतेक वेळा एक म्हातारा गुरू असतो, आणि साधारण दीडशेव्या पानावर तो छातीत कळ येऊन जातो. लिहिणाऱ्याला एवढं ठाऊक असतं की मध्यावर गुरू गेला पाहिजे. का गेला पाहिजे, हे मात्र ठाऊक नसतं. मग पुढची पन्नास पानं नायक गॅलरीत उभा राहून आभाळ बघतो.

मीही हेच केलं होतं. माझी कादंबरी अजून छापलेली नाही, त्यामुळे तिची चिरफाड करायला कुणाची हरकत नाही. तीच उदाहरणाला घेतो.

गोष्ट थोडक्यात अशी. शर्वरी बँकेत नोकरी करते. घराण्याच्या जुन्या वाड्याच्या वाटणीचा वाद चाललाय आणि सगळं एका मोडी कागदावर अडलंय. तो वाचायचा म्हणून ती नानांकडे मोडी शिकायला जाते. नाना सत्तरी ओलांडलेले, उभा जन्म दप्तरखान्यात जुन्या कागदांचे रुमाल सोडण्या-बांधण्यात गेलेला. शर्वरीच्या शाखेचा मूळ पुरुष १८१५ साली दत्तक आला होता. वाड्याची जागा दिल्याचा कागद त्यानंतरचा निघाला तर वाडा एकट्या तिच्या शाखेचा. त्याआधीचा निघाला तर चुलत घराण्याचाही त्यात निम्मा वाटा. दोन्ही घरांनी कोर्टात न जाता कागद म्हणेल तसं करायचं कबूल केलंय.

आधी गुरूची कामं मोजा

गुरू पाडण्याआधी तो कादंबरीत नेमकं काय उचलून धरतोय ते कागदावर लिहा. बहुतेक गुरू तीन कामं करतात. ते माहिती देतात, ते पाठीशी उभे राहतात, आणि ‘हे बरोबर, हे चूक’ असा निवाडा देतात. पहिली दोन कामं सगळ्यांना दिसतात. तिसरं दिसत नाही, आणि कादंबरी नेमकी त्याच्यावरच अडते. जोवर निवाडा द्यायला कुणी बसलंय तोवर नायक कितीही धावपळ करो, ठरवत काहीच नसतो.

हे ओळखायची एक अगदी बाळबोध युक्ती आहे. हातात पेन्सिल घ्या आणि नायकानं गुरूला विचारलेल्या प्रत्येक प्रश्नावर खूण करा. माझ्या पहिल्या अकरा प्रकरणांत शर्वरीनं नानांना चाळीसेक प्रश्न विचारले होते. हे अक्षर काय? या कागदावर विश्वास ठेवायचा का? काकांना आत्ता सांगू का? यातले अक्षरांचे प्रश्न हळूहळू कमी होत गेले, म्हणजे ती शिकत होती. पण ‘करू का?’ हा प्रश्न अकराव्या प्रकरणातही तितक्याच वेळा येत होता. ही तफावत सापडली की मध्यावर काय तोडायचं ते कळतं. नायकाचं ज्ञान आणि त्याची परवानगी यांच्यातली दोरी तोडायची.

जागेचं म्हणाल तर साठ हजार शब्दांच्या कादंबरीत ही घटना सत्तावीस ते तेहतीस हजारांच्या दरम्यान बसते. फार लवकर आणली तर नायक पुरेसा शिकलेला नसतो आणि वाचकाला ते अन्यायाचं वाटतं. पंचेचाळीस हजारांवर आणली तर पुढे फक्त शेवट उरलेला असतो, आणि गुरूचं जाणं म्हणजे सूड घ्यायला दिलेलं निमित्त होऊन बसतं.

मरण की चूक?

पहिल्या खर्ड्यात मी नानांना विश्वामित्रीच्या पुरात घालवलं. दोन दिवस पाऊस, रस्त्यावर कमरेएवढं पाणी, नाना रुमाल वाचवायला तळमजल्यावर उतरतात आणि परत येत नाहीत. लिहिताना मला रडू आलं होतं. गच्चीवर वाचून झाल्यावर आमच्यातल्या एक बाई शांतपणे म्हणाल्या, “नानांना नदीनं मारलं हो. तुमच्या गोष्टीनं कुठं मारलं?”

त्यांचं खरं होतं. पूर कुणावरही आला असता. त्या पुराचा शर्वरीच्या कागदाशी, वाड्याशी, तिच्या ‘करू का?’शी काही संबंध नव्हता. मी नानांना रंगमंचावरून उचललं होतं एवढंच. त्यामुळे पुढची चार प्रकरणं शर्वरी फक्त दुःखी होती, आणि मग मीच घाबरून तिला दुसरा मोडी वाचणारा शोधून दिला. गुरूच्या जाण्यानंतर दहा-पंधरा पानांत नवा गुरू दारात उभा राहिला की समजावं, पहिला उगीच मेला.

मरण चालतं, पण ते नायकाच्या किंवा गुरूच्या एखाद्या निर्णयातून यावं लागतं. नायकानं हट्टानं पाठवलं म्हणून गुरू गेला, किंवा नायकाच्या जागी गुरू उभा राहिला. मग नायकाच्या अंगावर एक देणं पडतं, आणि ते फेडायला तो हलतो. तुमच्या कथेत असा धागा नसेल तर मरणाच्या वाटेला जाऊ नका. गुरूला चुकू द्या. चुकलेला गुरू हयात असतो, समोर बसलेला असतो, आणि तरीही त्याला विचारता येत नाही. माझ्या मते हे मरणापेक्षा जास्त टोचतं.

एक जुनं उदाहरण सगळ्यांच्या ओळखीचं आहे. भारती युद्ध अठरा दिवसांचं. त्यात भीष्म दहाव्या दिवशी पडतात. मरत नाहीत, शरशय्येवर जिवंत असतात. पण धर्मराजाला राजधर्माचा तो प्रचंड उपदेश करतात कधी? युद्ध संपल्यावर, शांतिपर्वात. उरलेले आठ दिवस प्रत्येकाला आपापल्या अकलेनं लढावं लागतं. पडलेल्या गुरूला पुन्हा बोलतं करायचं असेल तर ते लढाई संपल्यावर, हे यातून उचलावं.

चूक कुठली निवडायची

गुरू ज्या गोष्टीत सगळ्यात पक्का आहे, त्याच गोष्टीत तो चुकला पाहिजे. नाना पैशाच्या व्यवहारात चुकले असते तर शर्वरी म्हणाली असती, जाऊ दे, त्यांना त्यातलं कळत नाही. ते मोडी वाचण्यात चुकले पाहिजेत. आणि ती चूक शर्वरीला, फक्त शर्वरीलाच, दिसली पाहिजे.

यासाठी विषयाच्या आत शिरून खरोखर होऊ शकेल अशी चूक शोधावी लागते. वरवरची चूक वाचक मानत नाही. मोडीत आधी आडवी रेघ ओढून घेतात आणि तिच्याखाली हात न उचलता अक्षरं लिहीत जातात. शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत. म्हणून वाचणारा निम्मं डोळ्यांनी आणि निम्मं सवयीनं वाचतो. नानांची चूक मला या सवयीतच सापडली.

जुन्या मराठी कागदांवर बऱ्याचदा शुहूर सन असतो, आणि तो अरबी संख्याशब्दांत लिहितात. ‘सलास मयातैन व अलफ’ म्हणजे तीन, दोनशे आणि हजार, १२०३. हे वर्ष मृगाला सुरू होतं. त्यात ५९९ मिळवले की ज्या इंग्रजी वर्षात ते सुरू झालं ते मिळतं : १८०२. आता ‘सलास’ म्हणजे तीन, पण ‘सलासीन’ म्हणजे तीस. तोच कागद ‘सलासीन मयातैन व अलफ’ असा वाचला तर १२३०, म्हणजे १८२९. एका शेपटानं सत्तावीस वर्षं सरकतात, आणि १८१५चं दत्तकपत्र बरोबर त्यांच्या मधे येतं.

आता ही चूक कुणाच्या फायद्याची ठेवायची? आधी मी ती शर्वरीच्या तोट्याची ठेवली होती. तसं केलं की ती लगेच उठून “नाना, तुम्ही चुकताय” म्हणते आणि प्रसंग दोन मिनिटांत आटोपतो. चूक तिच्या फायद्याची केली, आणि कादंबरीचा उरलेला अर्धा भाग आपोआप समोर आला. नानांच्या वाचनानं वाडा तिचा होतो. खोलीत दुसऱ्या कुणालाच मोडी येत नाही. खरं काय ते तिला दिसलंय. आता करू का, हे विचारायचं कुणाला?

खुणा पेरताना त्यांना दुसरा अर्थ द्या

गुरूची पडझड आभाळातून पडल्यासारखी वाटू नये म्हणून आधी दोन-तीन खुणा लागतात. नवखे लेखक इथे खोकला पेरतात. दुसऱ्यांदा खोकला आला की वाचक मनातल्या मनात तेरावं उरकून मोकळा होतो.

खूण अशी हवी की तेव्हा तिचा अर्थ वेगळाच लागावा, शक्यतो गुरूच्या मोठेपणाचा. नानांच्या डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग खराब झालाय. अशा माणसाला समोरचं, मधोमधचं दिसेनासं होतं आणि कडेचं दिसत राहतं. म्हणून तो मान वाकडी करून कडेच्या नजरेनं बघायला शिकतो. नानांनी हे कुणाला सांगितलेलं नाही. तिसऱ्या प्रकरणात ते कागद वाचताना मान डावीकडे कलवतात आणि शर्वरीला ती जुन्या वाचकाची ऐट वाटते. सहाव्यात ती स्वतःही तशीच मान कलवून वाचायला लागते. नवव्यात नाना एक अख्खी सनद घडाघडा वाचतात, भिंग कागदावर जागच्या जागी असताना. शर्वरी थक्क होते. खरं म्हणजे ते पाठ म्हणत असतात.

या तीन खुणांपैकी एकीवरही मी कुणाला संशय घेऊ दिलेला नाही. डॉक्टर नाही, औषधाची बाटली नाही. एका खर्ड्यात मी नानांना सेवउसळीच्या गाडीवर पाटी वाचता येत नाही असं दाखवलं होतं, ते काढलं. तिथे खूण केवळ खूण होती, तिला दुसरा अर्थ नव्हता.

प्रत्यक्ष प्रसंग

प्रसंग छोटा ठेवा. माझा पुरातल्या मृत्यूचा प्रसंग अकरा पानांचा होता. हा दोन पानांचा आहे आणि त्याचा गाभा एवढाच :

नानांनी कागद जवळ ओढला. मान नेहमीसारखी डावीकडे कलली. भिंग ओळीवरून सरकत आलं आणि घडीपाशी न थांबता पुढे गेलं.

“सलासीन मयातैन व अलफ. अठराशे एकोणतीस. लिहून घ्या, वकीलसाहेब.”

शर्वरीचीही मान कललेली होती. तिनं ती सरळ केली. घडीच्या अलीकडे ‘सलास’ संपत होतं, पलीकडे ‘मया’ सुरू होत होतं. मधे कागद झिजला होता, पण अजून एक अक्षर मावेल एवढी जागाच तिथे नव्हती.

“बरोबर ना गं?” नानांनी विचारलं.

“हो,” ती म्हणाली.

यात दोन गोष्टी मुद्दाम केल्यात. एक म्हणजे पडझडीच्या त्याच क्षणी नायिका काहीतरी करते. ती घाबरून बघत उभी राहत नाही. ती ‘हो’ म्हणते. ते चुकीचं आहे, पण तिचं स्वतःचं आहे. नायकाची पहिली स्वतंत्र कृती चुकीची असेल तर फार बरं, कारण मग पुढे निस्तरायला काहीतरी उरतं. दुसरी गोष्ट मला तिसऱ्या खर्ड्यात, पेन्सिलीच्या खुणा मोजताना सुचली. अकरा प्रकरणं शर्वरी विचारते आणि नाना उत्तर देतात. इथे पहिल्यांदा नाना विचारतात आणि ती उत्तर देते. ही अदलाबदल झाली की गुरू पडला. त्यासाठी प्रेत लागत नाही.

शर्वरीच्या मनात त्या वेळी काय चाललं होतं ते मी लिहिलं होतं, दोन परिच्छेद. बैठकीत सगळ्यांनी एकमतानं कापायला लावलं. सरळ केलेली मान पुरते.

नंतरची तीन प्रकरणं

कादंबऱ्या बसतात त्या इथे. मध्यावरचा प्रसंग जमला म्हणून लेखक हुश्श करतो आणि पुढची तीन प्रकरणं नायकाला विचार करायला देतो. विचार करू द्या, पण हातात काम देऊन.

माझा हिशोब असा ठरलाय. पहिल्या प्रकरणात नायकाच्या कृतीची किंमत दुसरं कुणीतरी मोजतं आणि ते डोळ्यांसमोर घडतं. चुलत घरचे म्हातारे तात्या तडजोडीवर सही करतात, शर्वरीच्या डोक्यावर हात ठेवून “पोरीनं मोडी शिकून घराण्याचं नाव काढलं” म्हणतात, आणि कुणाची वाट न बघता रिक्षा शोधायला निघतात. दुसऱ्या प्रकरणात नायक गुरूकडे जाऊ शकतो, तरी जात नाही. हे दाखवावं लागतं, नुसतं सांगून भागत नाही. शर्वरी सुरसागर तलावाच्या पाळीपर्यंत येते, नानांच्या खिडकीतला दिवा बघते आणि परत फिरते. तिसऱ्यात कुणीतरी नायकाला गुरूच्या जागी बसवतं. तात्यांचा नातू समीर एक चिटोरं घेऊन येतो. त्यांच्या देवघरात तसबिरीमागे सापडलेलं, त्याच कागदाचं फाटलेलं टोक. “ताई, तुला मोडी येतं ना? वाचून दे ना जरा.”

त्या तुकड्यावर संवत्सराचं नाव आहे : दुंदुभी. नानांनी चौथ्या प्रकरणात तिला साठ संवत्सरांची नावं खेळ म्हणून पाठ करून घेतली होती. तेव्हा ती पानं वाचकाला गंमतीची, थोडी लांबलेलीही वाटतात. आता त्यांचा उपयोग होतो. १८०२ साली दुंदुभी संवत्सर होतं, १८२९ साली विरोधी. साठ वर्षांच्या चक्रात सत्तावीस वर्षांनी तेच नाव येऊच शकत नाही. म्हणजे नानांची चूक सिद्ध करायचं हत्यार नानांनीच तिच्या हातात दिलेलं आहे. गुरू पडल्यावर नायक पुढे जातो तो असा, गुरूचंच काहीतरी गुरूच्या विरोधात वापरून. तुमच्या कादंबरीत असं हत्यार नसेल तर पहिल्या चतुर्थांशात जाऊन ते ठेवून या. ठेवताना ते बिनकामाचं दिसलं पाहिजे.

समीरनं विचारल्यावर तिला पुन्हा ‘करू का?’ म्हणायला कुणी नाही. आणि या खेपेला समोर बसलेला मुलगा तिच्याकडे तसाच बघतोय, जशी ती अकरा प्रकरणं नानांकडे बघत होती.

कुठे बिघडतं, आणि कसं ओळखायचं

सगळ्यात नेहमीचा बिघाड म्हणजे गुरूची चिठ्ठी. गुरू गेला, पण पेटीत वही सापडली, आणि वहीत सगळं लिहिलेलंय. हा गुरूला पाठीमागच्या दारानं परत आणण्याचा प्रकार आहे. वही ठेवायचीच असेल तर तिच्यातून प्रश्न निघू द्या, उत्तर नको. स्वप्नात येऊन बोलणाऱ्या गुरूलाही हेच लागू.

दुसरा बिघाड जरा चोरटा आहे. गुरू चुकतो, पण चुकीची सगळी लाज त्याच्या एकट्याच्या वाट्याला येते आणि नायक स्वच्छ राहतो. मग वाचक गुरूची कीव करत बसतो आणि नायकाला विसरतो. तपासायला सोपं आहे : मध्यावरच्या प्रसंगातून नायकाची वाक्यं खोडून बघा. प्रसंग तरीही तसाच उभा राहत असेल तर नायक तिथे प्रेक्षक होता. माझ्या पुराच्या प्रसंगातून शर्वरी पूर्ण काढली तरी काहीच बिघडत नव्हतं. आताच्या प्रसंगातून तिचा एक ‘हो’ काढला की तडजोडच होत नाही.

तिसरी तपासणी पुन्हा पेन्सिलीची. मध्यानंतरच्या भागात नायकाचे प्रश्न मोजा. ते नुसते कमी झाले तर पुरत नाही. कुणाला विचारले जातात ते बघा. माझ्या तिसऱ्या खर्ड्यात शर्वरी नानांऐवजी बँकेतल्या मैत्रिणीला विचारायला लागली होती. सल्ला तोच, फक्त साडी बदलली. मैत्रिणीची पाच उत्तरं खोडली आणि त्या जागी ती जेवणाचा डबा उघडते.

गुरूला परत भेटायचं की नाही? भेटावं, असं माझं मत, पण उशिरा आणि थोडंच. माझ्याकडे ती भेट एकविसाव्या प्रकरणात आहे. शर्वरी तोवर समीरला खरं वाचून दाखवून, तडजोड मोडून आलेली आहे. तिनं काही सांगायच्या आत नाना विचारतात, “तुला त्या दिवशी दिसलं होतं ना?” ती “हो” म्हणते, दुसऱ्यांदा. नाना त्यानंतर कागदाबद्दल एक अक्षर बोलत नाहीत. चहा गार होतोय म्हणतात, आणि कप कुठे ठेवलाय ते ती त्यांचा हात धरून दाखवते.